सामाईक भिंतीचा वाडा उतरवताना

दादा, आधी वीज-पाणी तोडून घ्या आणि शेजाऱ्यांसोबत त्यांच्या भिंतींचे, जुन्या तड्यांसकट, तारखेचे फोटो काढा. तड्यावर काचेची पट्टी सिमेंटने चिकटवा. ती फुटली की भिंत हलतेय, काम तिथेच थांबवायचं.

क्रम बांधला त्याच्या उलटा: कौलं, रिपा, वासे, मग वरचा मजला, शेवटी जोतं. कौलं दोन्ही उतारांवरून सारखीच काढा, नाहीतर छप्पर एका बाजूला कलतं. राडारोडा मजल्यावर साठवू नका, जुन्या तुळया त्या वजनानेच मोडतात.

नवखे चुकतात ते तुळईपाशी. सामाईक भिंतीतलं तुळईचं टोक पहारीने उचकटलं की मातीतल्या विटा सुटतात आणि शेजारच्या खोलीत भगदाड पडतं. त्या भिंतीला आधी तिरके टेकू द्या, मग तुळईला खालून आधार देऊन ती भिंतीलगत करवतीने कापा. टोक आतच राहू द्या. ते पुढे कुजतं, म्हणून नंतर एकेक काढून खोबण लगेच विटांनी घट्ट भरा.

शेजारच्या भिंतीलगतचा पाया मात्र सलग खणू नका. तिथे जेसीबी नको. मीटरभराचे तुकडे, एकाआड एक, तेही इंजिनिअरला दाखवूनच.