मेसउनझिशरहाइट आणि रुक्फ्यूरुंग

"रबाळ्याच्या प्लँटमध्ये क्वालिटी बघतो. जर्मनीहून प्रेशर गेजचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट आलंय, त्यात मेजरमेंट अनसर्टन्टी ०,०२ बार, k=2 आणि खाली ट्रेसेबिलिटीचा परिच्छेद. मी 'अनिश्चितता' सांगितलं तर सुपरवायझर म्हणतो, म्हणजे लॅबलाच खात्री नाही होय? मराठीत काय म्हणू?"

तुमच्या सुपरवायझरचं चुकलं नाही हो, आपल्याकडे 'निश्चित नाही' म्हटलं की काम अर्धवट राहिल्यासारखं वाटतं. जर्मन शब्द मेसउनझिशरहाइट, त्यातला उनझिशर रोजच्या बोलण्यात 'असुरक्षित' अशा अर्थानेही चालतो, म्हणजे तिकडेही तीच गडबड. मी तरी कागदावर 'मापन-अनिश्चितता' लिहितो आणि शॉपफ्लोअरवर 'अधिक-उणे' म्हणतो.

पण खरा घोटाळा एरर आणि अनसर्टन्टी एकच धरली की होतो. समजा ० ते १० बारचं गेज आहे, क्लास ०.६ म्हणजे पूर्ण रेंजच्या ०.६ टक्के, मुभा ०.०६ बार. लॅबने ६.०० बार दिला, गेजने ६.०५ दाखवला, तर एरर ०.०५, हा गेजचा फरक. ०.०२ हे तो फरक मोजण्यातलं अधिक-उणे. म्हणजे खरा फरक ०.०३ ते ०.०७ यात कुठेतरी, आणि k=2 म्हणजे साधारण ९५ टक्के भरवशाने. आता बघा, ०.०५ मुभेच्या आत दिसतोय पण पट्ट्याचं वरचं टोक बाहेर जातंय, म्हणून सर्टिफिकेटवर पास लिहिलं असेल तर कुठल्या डिसिजन रूलने हे लॅबला विचाराच. मुभेतून अनसर्टन्टी वजा करायचा नियम धरला तर हद्द ०.०४ वर येते आणि हे गेज अडकतं. (०,०२ मधला स्वल्पविराम म्हणजे आपला दशांश टिंब, १,२५० बाराशे पन्नास वाचू नका, ते सव्वा आहे.)

ट्रेसेबिलिटीला 'मागोवा' नको, प्लँटमध्ये तो शब्द लॉट नंबर आणि हीट नंबरला आधीच बसलाय, ऑपरेटर माल कुठून आला ते शोधत बसेल. जर्मनमधला रुक्फ्यूरुंग जास्त बोलका आहे, शब्दशः 'मागे नेणं'. तुमचं गेज लॅबच्या मास्टरशी, मास्टर त्याच्याहून वरच्या मास्टरशी, असं करत जर्मनीची राष्ट्रीय मापन संस्था, ब्राउनश्वाइगच्या पीटीबीपर्यंत, आपल्याकडे असतं तर दिल्लीच्या एनपीएलपर्यंत. जमिनीच्या फेरफारांसारखं, मधली एक नोंद गायब झाली की मालकी लटकते. फक्त इथे प्रत्येक पायरीवर अधिक-उणे वाढत खाली येतं, म्हणून अनसर्टन्टीचा आकडाच नसलेल्या कागदावर 'ट्रेसेबल' लिहिलेलं असलं तरी मी ते मानत नाही. मराठीत मी 'मापसाखळी' म्हणतो, सरकारी कोशात काय असेल ते असो.

आणि आपल्याकडे लॅबना मान्यता देणाऱ्या एनएबीएलचा शिक्का नाही म्हणून ऑडिटर अडला तर पहिल्या पानावर तिकडच्या मान्यता संस्थेचं, डाक्सचं चिन्ह दाखवा, आंतरराष्ट्रीय परस्पर मान्यता करारात दोघंही आहेत.