तरतूद करायची की फक्त टिपेत दाखवायचं?

प्रश्न: "ग्राहकाने आमच्या कंपनीवर ४० लाखांचा दावा लावलाय. ऑडिटर म्हणतात तरतूद करा. आमचे साहेब म्हणतात, केस चालू आहे, आत्ताच कशाला, खाली टिपेत दाखवू. नक्की कोण बरोबर?"

दाव्यातले मुद्दे सुटे केल्याशिवाय दोघांचंही बरोबर नाही. मी कोल्हापूरकडच्या एका फाउंड्रीची खाती बघायचो, तिथे जवळपास हेच घडलं होतं.

जानेवारीत आम्ही पंपाची १,२०० केसिंग पाठवली. फेब्रुवारीत प्रेशर टेस्टला ती गळायला लागली. ग्राहकाने दावा केला ४० लाखांचा: ११ लाख कास्टिंगची किंमत आणि त्यावर झालेलं मशिनिंग, उरलेले २९ लाख लाइन बंद राहिली, ऑर्डर हातची गेली म्हणून. मालक ठाम होते की आपण लढतोय म्हणजे देणं नाही.

पण लढतोय की नाही याला लेखामानक विचारतच नाही. एएस २९ विचारतं ते एवढंच: ३१ मार्चपर्यंत घडलेल्या गोष्टीमुळे आज तुमच्यावर बंधन आहे का, त्यापोटी पैसे जाण्याची शक्यता न जाण्यापेक्षा जास्त आहे का, आणि रकमेचा भरवशाचा अंदाज बांधता येतो का. तिन्हींचं उत्तर हो असेल तर तरतूद, म्हणजे खर्च याच वर्षी नफा-तोट्यात. बंधन आहे की नाही हेच अजून ठरायचं असेल, किंवा बंधन आहे पण पैसे जायची शक्यता निम्म्यापेक्षा कमी असेल, तर ती कंटिन्जंट लायबिलिटी, आणि तिची जागा टिपेत. शक्यता अगदीच नगण्य असेल तर टीपही लागत नाही.

आमच्या क्वालिटीवाल्यांनी परत आलेले पंधरा नग कापून बघितले. अकरांत ब्लो होल, म्हणजे ओतताना आत वायू अडकून राहिलेली पोकळी. म्हणजे दोष आमचाच, आणि माल जानेवारीतच गेलेला. ११ लाखांवर वाद घालण्यासारखं काही उरलंच नव्हतं. २९ लाखांचं तसं नव्हतं. परचेस ऑर्डरमध्ये स्पष्ट कलम होतं की पुरवठादार फक्त सदोष माल बदलून देईल किंवा त्याचा खर्च भरेल, उत्पादन थांबल्याचं नुकसान नाही.

वकिलांचं पहिलं पत्र आलं, "आमच्या अशिलाची बाजू भक्कम आहे." असल्या पत्राचा ऑडिटरला काडीचा उपयोग नाही. मी फोन करून प्रत्येक रकमेबद्दल वेगळं मत मागितलं. तेव्हा लिहून आलं की पहिली रक्कम बहुधा द्यावी लागेल, दुसरी लागण्याची शक्यता कमी. मग नोंद सरळ होती: क्लेम खर्च नावे ११ लाख, क्लेमची तरतूद जमा ११ लाख. २९ लाख टिपेत, "कंपनीने मान्य न केलेले दावे" या शीर्षकाखाली.

मालकांचा पुढचा प्रश्न, मग टॅक्स वाचेल का? तिथे निकष वेगळा आहे. आयकरासाठी उत्पन्न मोजायचं मानक, आयसीडीएस १०, नुसत्या शक्यतेवर थांबत नाही, वाजवी खात्री मागतं. त्यामुळे पुस्तकात तरतूद आणि आयकरात वजावट नाही, असं होऊ शकतं.

तुमच्या साहेबांना आणखी एक सांगा. टिपेत टाकलं की विषय मिटला असं नाही, दर ताळेबंदाला तो पुन्हा तपासावा लागतो. दूरसंचार कंपन्यांच्या एजीआर, म्हणजे समायोजित एकूण महसुलावरच्या, थकबाकीचं हेच झालं. परवाना शुल्क कुठल्या महसुलावर, हा वाद वर्षानुवर्षं चालला आणि त्यातला मोठा भाग कंपन्यांच्या टिपांत होता. २४ ऑक्टोबर २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सरकारच्या बाजूने लागला. तिमाही ३० सप्टेंबरलाच संपली होती, पण कंपन्यांचे तिमाहीचे आर्थिक निकाल अजून मंजूर व्हायचे होते, आणि न्यायालयाने जे ठरवलं ते बंधन जुनंच होतं. म्हणून बोजा त्याच सप्टेंबर तिमाहीत घ्यावा लागला. व्होडाफोन आयडियाचा त्या तिमाहीचा तोटा सुमारे ५०,९०० कोटी, एअरटेलचा सुमारे २३,००० कोटी. तुमचाही निकाल जूनमध्ये लागला आणि संचालकांनी ताळेबंदावर सही केली नसेल, तर आकडा मार्चच्याच पुस्तकात बदलेल.

उलटी चूकही होते, आणि ती मालक लोक हौसेने करतात: वर्ष चांगलं गेलं की "पुढच्या वर्षी रिजेक्शन येईल" म्हणून पाच-दहा लाख बाजूला. जो माल अजून ओतलाच नाही त्याचं आज बंधन कुठलं? ती तरतूद होत नाही.

आमचं प्रकरण पुढच्या वर्षी १०.४ लाखांत मिटलं. तरतुदीतले उरलेले ६० हजार उत्पन्नात परत घेतले, आणि ग्राहकाने उरलेला दावा लेखी सोडल्यावर २९ लाखांची टीप काढली.