किचन ट्रॉलीला हँडल, नॉब की जी-प्रोफाइल? पकड, साफसफाई आणि दिसणं बघता काय घ्यावं?

"सांगलीत नवीन फ्लॅटचं किचन करून घेतोय. एल आकाराचा ओटा आहे. ९०० मिमीच्या तीन ट्रॉल्या, ४५० च्या तीन, खाली चार शटर आणि वर आठ. फर्निचरवाला म्हणतो, हँडलच नको, जी-प्रोफाइल टाका. बायकोला काळे मॅट हँडल आवडलेत. आईची बोटं सकाळी आखडलेली असतात, तिला सोपं पडायला हवं. नॉब चालतील का? नेमकं काय घ्यावं?"

खालच्या सहाही ट्रॉल्यांना आणि चारही शटरना डी आकाराचे हँडल घ्या, म्हणजे दोन्ही टोकं शटरला टेकलेले. नॉबची हौस असेल तर ती वरच्या आठ शटरवर भागवा. जी-प्रोफाइल म्हणजे हँडलऐवजी वरच्या कडेला बसवलेली बोटं घालायच्या खाचेची पट्टी; आईंची बोटं बघता ती नको. काळा रंग चालेल, पण त्याची एक अट खाली सांगतो.

आधी पकड. भाकरी थापताना हात पिठाने भरलेला असतो आणि तेवढ्यात उलथनं ट्रॉलीतच राहिल्याचं लक्षात येतं. अशा वेळी कोणी मूठ वळून हँडल धरत नाही. करंगळी नाहीतर दोन बोटं अडकवायची आणि ओढायचं. डी हँडलला हे जमतं, कारण बोटं फक्त अडकतात आणि जोर दंडाचा लागतो. नॉबला अंगठा आणि बोटांची चिमूट लागते. आखडलेल्या बोटांना सगळ्यात जास्त त्रास या चिमटीचा होतो, आणि हाताला तेल असेल तर गुळगुळीत गोल नॉब सुटतोच. जी-प्रोफाइलमध्ये पट्टीवरून बोटांची फक्त टोकं आत जातात, म्हणजे सगळा भार शेवटच्या पेरांवर. वाटी-चमच्यांच्या ट्रॉलीला ते चालून जातं. पण ९०० ची ट्रॉली कुकर आणि पातेल्यांनी भरली की वीस-पंचवीस किलो सहज होते. त्यात सॉफ्ट क्लोज चॅनेल असेल तर उघडताना पहिला इंच-दीड इंच थोडा जास्त जोर लागतो. आईंना नेमका तोच नको असतो.

हँडल घेताना दुकानात एकच परीक्षा करा. फळीवर लावलेल्या नमुन्यात चारही बोटं घाला आणि ओढल्यासारखं करा. बोटांची पाठ फळीला घासत असेल तर ते हँडल सोडून द्या. दांडी आणि शटर यांच्यात मोकळी जागा किमान २५ मिमी हवी, आखडलेल्या बोटांना २८-३० असली तर उत्तम. यात एक गफलत नेहमी होते: हँडल शटरपासून किती पुढे येतं याचा पाकिटावरचा आकडा, समजा ३५ मिमी, दांडीच्या जाडीसकट असतो. दांडी १० ची असेल तर बोटांना २५ च उरले. दांडी साधारण १०-१२ मिमी जाड आणि कडा मारलेली हवी. पातळ पत्र्यासारखी पट्टी दिसायला देखणी असते, पण भरलेली ट्रॉली ओढताना बोटात रुतते.

लांबीसाठी ढोबळ हिशेब असा, की ट्रॉलीच्या रुंदीच्या एक तृतीयांश. ९०० ला ३०० येतात, त्याच्या जवळचं माप ३२०. ४५० ला १५० येतात, म्हणजे १६० घ्या. हे आकडे दोन भोकांमधल्या अंतराचे आहेत, हँडलच्या एकूण लांबीचे नाहीत. दुकानात "आठ इंची" म्हटलं की एक जण भोकांचं अंतर सांगतो, दुसरा एकूण लांबी, म्हणून पट्टी घेऊनच जा आणि एका भोकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत मोजा. ९६, १२८, १६०, १९२, ३२० ही चालू मापं आहेत, सगळी ३२ च्या पटीतली. उद्या हँडल बदलायचं झालं तर याच मापाचं दुसरं मिळतं. कुठलं तरी अधलंमधलं माप घेतलंत आणि तो नमुना बंद झाला, तर जुनी भोकं सनमाईकावर कायमची दिसत राहतात. ९०० च्या ट्रॉलीला दोन छोटे हँडल लावायचा सल्लाही मिळेल, तो ऐकू नका. माणूस घाईत एकाच हँडलला ओढतो आणि ट्रॉली तिरकी निघते.

खालच्या शटरनाही १६० च घ्या, म्हणजे ओट्याखाली दोनच मापं राहतील. वरच्या शटरना वजन काहीच नसतं, तिथे ३० मिमीच्या आसपासचे नॉब चालतात. फक्त टी आकाराचा नॉब नको. तो एकाच स्क्रूवर असल्यामुळे फिरतो, आणि महिन्याभरात आठापैकी तीन तिरके दिसायला लागतात. आई वरची शटरं रोज उघडणार असतील तर नॉब सोडा आणि तिथे १२८ चे हँडल लावा. ९६ मध्ये चार बोटं जेमतेम बसतात.

आता साफसफाई. हँडल खराब होतं ते बहुतेक मागच्या बाजूला, जिथे बोटं टेकतात आणि नजर जात नाही. फडका दांडीमागून एका ओढीत आरपार जायला हवा. वर सांगितलेले २५-३० मिमी इथेही कामाला येतात. नक्षीचे, खाचांचे, दांडीवर बारीक जाळी कोरलेले हँडल ओट्याखाली नकोत. खाचेत तेल बसतं, तेलावर पीठ आणि हळद बसते, आणि ते निघायला दात घासायचा ब्रश लागतो. हळदीच्या गावात पांढरे किंवा क्रीम रंगाचे हँडल का टाळायचे, हे वेगळं सांगायला नको.

जी-प्रोफाइलचं खरं दुखणंही सफाईचं आहे. ती ओट्याच्या बरोबर खाली आडवी, तोंड उघडं ठेवून बसते. ज्वारीचं पीठ, कोथिंबिरीची पानं, पोळीचे तुकडे सगळं तिच्यात पडतं. ओट्याच्या ग्रॅनाइटला पुढच्या कडेखाली पाणी तोडणारी खाच मारलेली नसेल तर ओटा धुतलेलं पाणी कडेवरून वळून थेट त्यात उतरतं. मग आत पिठाची खळ. पट्टी सरळ दिसते, फोटोत छान येते, पण रोज बोटाला फडका गुंडाळून साफ करावी लागते. शिवाय ती नंतर सुचली म्हणून लावता येत नाही, शटर आणि ट्रॉल्यांची उंची सुरुवातीलाच कमी धरावी लागते. तुमच्या फर्निचरवाल्याने बॉक्स कापायला घेतले असतील तर आजच सांगा.

काळ्या मॅटची अट अशी: पावडर कोटिंगचं स्वस्त हँडल असेल तर बांगड्या आणि अंगठ्या घासून कडांचा रंग उडतो, आणि खालचा झिंकचा राखाडी धातू काळ्यावर लगेच उठून दिसतो. तेलकट बोटांचे ठसेही काळ्या मॅटवर चमकतात. बायकोला काळेच हवे असतील तर कडा गोल असलेले घ्या, कारण रंग आधी धारदार कडेवरून जातो. सगळ्यात कमी कटकट मॅट स्टीलची. चकचकीत क्रोम मात्र बोअरचं पाणी असलेल्या घरात नको, सिंकखालच्या शटरवर क्षारांचे पांढरे ठिपके पडतात. ते घालवायला कोणी बाथरूमचं ॲसिड लावलं की मुलामाच जातो. हँडल कुठलंही असो, कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, मऊ फडका आणि लगेच कोरडं पुसणं, एवढं पुरतं. तारेची घासणी नको.

दुकानदार लोहचुंबक लावून "बघा, चिकटत नाही, म्हणजे ३०४ आहे" असं दाखवेल. २०२ स्टीलही सहसा चिकटत नाही, तेव्हा त्यावरून काही ठरत नाही. बिलावर ग्रेड लिहून घ्या.

दिसण्याबद्दल फार नाही सांगत. एकाच जातीचं हँडल दोन मापांत, वर नॉब घेतलेच तर त्याच रंगात, एवढं पाळलं की जमतं. दोन्ही टोकं बाहेर आलेले दांड्याचे हँडल दुकानात खूप दिसतील. त्यात ओढणी आणि पदर अडकतो, खिशाची शिवण उसवते. म्हणूनच वर डी आकार म्हटलं.

तुमचा ओटा एल आकाराचा आहे, तेव्हा कोपऱ्याचं माप फर्निचरवाल्याकडून आधीच लिहून घ्या. कोपऱ्याजवळची ट्रॉली बाहेर येते ती शेजारच्या बाजूच्या शटरला समांतर, आणि त्या शटरवरचं हँडल तिच्या वाटेत येतं. शटर सनमाईकासकट २० मिमी आणि हँडल ३५ मिमी, झाले ५५. म्हणजे दोन्ही बाजूंचे बॉक्स जिथे मिळतात तिथपासून ट्रॉलीची कड किमान ६० मिमी लांब हवी. तेवढी फिलर पट्टी दोन्ही अंगांना सोडायची. सवयीने २५-३० ची पट्टी सोडली जाते, आणि ट्रॉली हँडलवर आपटते हे हँडल लावल्यावर कळतं. तेव्हा इलाज उरत नाही.

भोकं सगळ्यात शेवटी पाडायची. बिजागऱ्या लावून शटर एका रेषेत आले की मगच. आधी पाडली तर बिजागरी फिरवून शटर सरकवताना हँडलची रेघ बिघडते. पुठ्ठ्याचं किंवा प्लायचं एक टेम्प्लेट करून घ्या. खालच्या शटरना उघडणाऱ्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यात, वरच्यांना खालच्या कोपऱ्यात, दोन्ही कडांपासून ५० मिमी सोडून हँडल उभं. ट्रॉल्यांना आडवं, मधोमध. ड्रिल ५ मिमीचं, पुढून मागे, आणि मागे लाकडाचा ठोकळा घट्ट दाबून धरलेला, नाहीतर बाहेर पडताना आतल्या सनमाईकाची कपची उडते.

पाकिटातले स्क्रू बहुधा २५ मिमीचे असतात. २० मिमीच्या शटरमधून हँडलमध्ये फक्त ५ मिमी जातात. शटरना ते चालतं, जड ट्रॉलीला २८-३० चे घ्या. ट्रॉलीचा पुढचा तुकडा दुहेरी असेल, म्हणजे आतली फळी आणि बाहेरचा दर्शनी तुकडा, तर एकूण जाडी मोजून त्यात ८ मिमी मिळवा. स्क्रू पूर्ण आवळूनही हँडल हलत असेल तर तो ढिला नाही, लांब आहे आणि आत जाऊन टेकला आहे. आणखी आवळलात तर आटे जातील, त्याऐवजी डोक्याखाली एक वॉशर घाला.

खरेदी अशी होईल: ३२० चे ३, १६० चे ७, आणि वरती ८. प्रत्येक मापाचा एकेक जादा घ्या, त्याच लॉटमधला, कारण पुढच्या लॉटमध्ये काळ्याची छटा बदललेली असते.