'मी येतो' म्हटलं की घरातले हसतात

ताई, माझं वय २६. माहेर इचलकरंजी, लग्नाला सात महिने झाले. ठाण्यात वर्तकनगरला वन बीएचकेमध्ये आम्ही चौघं राहतो. नवरा ऐरोलीला कंपनीत. सासू-सासरे चांगले आहेत, त्रास म्हणावा असं काही नाही. पण आमच्याकडे बायकासुद्धा 'मी येतो, मी जातो' म्हणतात. इथे पहिल्याच आठवड्यात सगळे हसले. अजून पाहुणे आले की 'बोल ना तुझं कोल्हापुरी' म्हणतात. आता प्रत्येक वाक्य मनात जुळवून बोलते. गावी सुताच्या व्यापाऱ्याकडे हिशेब बघायचे, स्कूटी होती. इथे रविवारी नवऱ्याबरोबर तलावपाळीला जाते तेवढंच. नोकरीचं काढलं की सासूबाई म्हणतात, आधी रूळ. आईचा फोन आला की गॅलरीत जाऊन हळू बोलते. माझी मलाच ओळख पटेना झालीय. मी कृतघ्न आहे का?
– एक सून, ठाणे

नाहीस गं. माणसं चांगली आहेत म्हणून गाव सुटल्याचं दुःख कमी होत नाही. उलट कुणावर रागावताही येत नाही, म्हणून ते आतल्या आत साठत जातं.

बोलण्यापासूनच सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त तिथेच दुखतंय असं मला तुझ्या पत्रावरून वाटतं. कोल्हापूरकडच्या बायका 'मी येतो' म्हणतात ती चूक नव्हे, तिथली रीत आहे. शेतात राबणारीही तसंच बोलते आणि शिकून नोकरीला लागलेलीही. तुझ्या सासरच्यांना गंमत वाटते, त्यात दुष्टावा नसेलही. पण तोंड उघडण्याआधी 'येतो' की 'येते' हे ठरवावं लागलं, की माणूस हळूहळू मनातलं बोलणंच टाळायला लागतो. चिडताना, हसताना, रडताना जी भाषा आपसूक येते तीच तू सात महिने आवळून धरली आहेस. संध्याकाळी उगाच गळून गेल्यासारखं होत असेल, तर त्याचं एक कारण हे आहे.

यावरचं काम नवऱ्यापासून सुरू कर. सुनेच्या बोलण्यावर किती हसायचं, हे घरातली माणसं तिच्या नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघून ठरवतात. तो हसला की सगळ्यांना मोकळीक मिळते. त्याच्याशी हे रात्री झोपताना, भिंतीपलीकडे सासू-सासरे असताना बोलू नकोस. रविवारी तलावपाळीला फेरी मारताना सांग, "पाहुण्यांसमोर मला बोलून दाखव म्हणतात, ते मला लागतं. पुढच्या वेळी तुम्ही हसू नका, विषय बदला." एवढंच. 'तुमच्या घरचे' अशी सुरुवात केलीस तर तो आईची बाजू मांडायला लागेल आणि तुझा मुद्दा राहून जाईल. 'अगं, मजेत म्हणतात' असं तो बहुतेक म्हणेलच. त्यावर म्हण, "त्यांना मजा वाटते हे मला कळतं. मला नाही वाटत."

आणि आईचा फोन आता बाहेरच्या खोलीत घ्यायचा. नेहमीच्या आवाजात, 'आई, मी जेवलो बघ' असं, जसं येईल तसं. चार-आठ दिवस सगळ्यांचे कान टवकारतील, मग ते पुन्हा टीव्ही बघायला लागतील. घरातल्यांशी कसं बोलायचं ते तुझं तू ठरव. काही जणी सासरचं बोलणं मनापासून उचलतात आणि माहेरी गेलं की पुन्हा 'येतो'वर येतात. त्यातही काही वावगं नाही, फक्त ते हसण्याच्या भीतीने होऊ नये.

आता 'आधी रूळ'. या बोलण्याला तारीख नसते, म्हणून ते वर्षानुवर्षं लांबतं. सासूबाईंच्या मनात काय आहे ते आधी नीट विचारून घे. बहुतेक वेळा काळजी अगदी साधी असते: सकाळचे डबे कोण करणार, संध्याकाळी सून कधी परतणार, शेजारणींना काय सांगायचं. आणि तू 'मी नोकरी करू का?' असं विचारतेस, त्याला 'नंतर बघू' हेच उत्तर येणार. कामाची वेळ हातात असेल तर बोलणं वेगळं होतं.

तुझ्याकडे हिशेबाचं कसब आहे, ते ठाण्यात चालतं. सीएंच्या लहान ऑफिसांमध्ये महिन्याचं जीएसटीचं काम करणारा माणूस लागतो. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांना विक्रीचं विवरण ११ तारखेपर्यंत आणि कराचं २० तारखेपर्यंत द्यावं लागतं, त्यामुळे त्या दिवसांत तिथे कुणाला मान वर करायला वेळ नसतो. तू २१ नंतर, महिनाअखेरीच्या आत चौकशीला जा. नौपाडा-पाचपाखाडीपासून सुरुवात कर. सुताच्या व्यापाऱ्याची खाती सांभाळली आहेत, हे सगळ्यात आधी सांग. अर्धा दिवसच माग.

काम ठरलं की घरी सांग, "एक तारखेपासून जाणार आहे. डबे करून साडेदहाला निघेन, साडेचारला घरी. २० तारखेच्या आधीचे तीन-चार दिवस उशीर होईल." ही शेवटची ओळ विसरू नकोस. पहिल्याच महिन्यात न सांगता आठ वाजले, तर 'म्हणून म्हणत होते' हे ऐकावं लागेल आणि तूच कच खाशील. 'घरातलं काहीच अडू देणार नाही' असं मात्र कबूल करू नकोस. रात्रीची भांडी किंवा सकाळची भाजी, एक काहीतरी दुसऱ्या कुणाकडे जायलाच हवं, आणि त्या कुणात नवराही येतो.

त्याआधी एकटीने दोन-चार वेळा वर्तकनगरहून बसने किंवा शेअर रिक्षाने स्टेशनला जाऊन ये. नवऱ्याला सोडायला येऊ देऊ नकोस. स्कूटी चालवणाऱ्या मुलीला सात महिने कुणाच्या तरी मागे बसून शहर बघावं लागलं, तर ते शहर तिचं कसं होईल? गल्ली चुकली तर विचारून पुढे जा. पगार तुझ्या जुन्या खात्यातच येऊ दे. ते माहेरच्या नावावर असलं तरी चालतं, लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही.

एक गोष्ट मात्र नीट बघ. काम सुरू झाल्यावर, आईशी मोकळं बोलल्यावर मन हलकं होत गेलं तर ठीक. पण दोन आठवडे सलग झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, आवडीचं काहीच नकोसं वाटत असेल, तर तो नुसता नवखेपणा नाही. १४४१६ ही टेलिमानसची सरकारी हेल्पलाइन आहे, चोवीस तास, मोफत, तिथे मराठीत बोलता येतं. आणि फोन तपासणं, पगार काढून घेणं, माहेरी जायला अडवणं असं काही सुरू झालं तर माझा वरचा सल्ला बाजूला ठेव. तिथे रुळण्याचा प्रश्नच उरत नाही. तेव्हा १८१ ही महिला हेल्पलाइन लाव आणि माहेरी सगळं स्पष्ट सांग.

इचलकरंजीला जायला मात्र गौरी-गणपतीची वाट बघू नकोस. २०२३ च्या मार्चपासून बायकांना एसटीचं तिकीट अर्धं आहे. खोपटच्या स्टँडवर जाऊन कोल्हापूरकडच्या गाड्यांची चौकशी तूच कर, तिकीट तूच काढ, आणि मग घरात जायची आणि परत यायची तारीख सांग.