उत्तर: डिस्पॅचपासून मोजलेली वॉरंटी आणि अर्धवट शेड

> «२२ लाखांचं इंजेक्शन मोल्डिंग मशीन घेतोय. सप्लायर म्हणतो, वॉरंटी कमिशनिंगपासून १२ महिने किंवा डिस्पॅचपासून १८ महिने, यातलं जे आधी संपेल ते. शेड आणि वाढीव वीजभाराचं काम चालू आहे. पीओ सोडू का?»

सोडू नका. निदान ती ओळ बदलल्याशिवाय नको. आम्हाला सगळ्यात महाग पडली ती हीच ओळ, आणि त्यात भर घातली वीजभार मंजूर करणाऱ्या कार्यालयाने. त्यांना दर वेळी एक नवाच कागद कमी दिसायचा. असो, तो राग इथे काढत नाही.

नुसत्या तारखा मांडून बघा. आमचं मशीन ५ एप्रिल २०२३ ला निघालं आणि वीज रखडल्यामुळे चालू झालं २० जानेवारी २०२४ ला. कमिशनिंगपासून मोजलं तर वॉरंटी १९ जानेवारी २०२५ पर्यंत जाते, डिस्पॅचपासून मोजलं तर ४ ऑक्टोबर २०२४ लाच संपते. आधीची तारीख धरायची, म्हणजे चालत्या मशीनला वॉरंटी मिळाली जेमतेम साडेआठ महिने. बाकीचे साडेनऊ महिने ते ताडपत्रीखाली उभं होतं.

«जे नंतर संपेल ते» असं सप्लायर सहसा लिहून देत नाही, त्यात वेळ घालवू नका. त्याऐवजी डिस्पॅचपासूनचे १८ महिने २४ करून मागा आणि एक अट घाला: आमच्या लेखी डिस्पॅच क्लिअरन्सशिवाय मशीन हलवायचं नाही. मग वीज जोडून झाली की क्लिअरन्स द्या. मार्चअखेरीला त्यांना टार्गेट पुरं करायचं असतं, तेव्हा «बिल तरी करून घ्या, घसारा मिळेल» म्हणतील. घसारा मशीन वापरात आल्यावर मिळतो, बिल फाडल्यावर नाही.

दुसरी मेख कमिशनिंगच्या तारखेत आहे. पहिल्या भेटीला आलेला इंजिनिअर जाताना सर्व्हिस रिपोर्टवर सही मागतो. कार्बन कॉपीच्या त्या पानावर तळाला बारीक अक्षरात आधीच छापलेलं असतं की मशीन समाधानकारक चालू आहे. शिफ्टचा मुलगा सही करून मोकळा होतो आणि वॉरंटीचं घड्याळ सुरू. म्हणून करारातच लिहा की कमिशनिंग म्हणजे तुमच्या स्वतःच्या मोल्डवर, ठरलेल्या सायकल टाइमला, सलग तीन शिफ्ट ट्रायल, शॉट वेटमधला फरक ठरलेल्या मर्यादेत, आणि शेवटी मालकाची तारखेसह सही. इतर कुठल्याही कागदावरची सही कमिशनिंग धरली जाणार नाही, हेही लिहा.

त्याच दिवशी तिन्ही फेजचं व्होल्टेज आणि न्यूट्रल-अर्थमधलं व्होल्टेज मोजून रिपोर्टवर उतरवून घ्या. सर्व्हो ड्राइव्ह जळला की पहिलं उत्तर येतं, «तुमच्या व्होल्टेजमुळे.» तेव्हा हा आकडा आणि त्यांच्याच मॅन्युअलप्रमाणे बसवलेला स्टॅबिलायझर कामी येतो. ड्राइव्ह, कंट्रोलर असे विकत आणून बसवलेले भाग «मूळ उत्पादकाच्या वॉरंटीनुसार» या शब्दांत बाजूला काढलेले असतात. ती वॉरंटी तुमच्या कमिशनिंगपासून सुरू होईलच असं नाही, म्हणून संपूर्ण मशीनची जबाबदारी सप्लायरचीच ठेवा.

डिफेक्ट लायबिलिटी, म्हणजे ठरलेल्या मुदतीत निघालेला दोष स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायची जबाबदारी, हा शब्द मुळात बांधकामाच्या ठेक्यांत रुळलेला. तो घ्यायचाच असेल तर त्याचा दातही घ्या: कळवल्यापासून सात दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर ती दुसऱ्याकडून सप्लायरच्या खर्चाने करून घ्यायचा हक्क. मशीन बंद राहिलेले दिवस मुदतीत वाढवा, आणि बदललेल्या भागाला नव्याने वॉरंटी मागा. गाडीभाडं आणि इंजिनिअरचा प्रवास-मुक्काम कुणाचा, तेही आत्ताच.

आता पैसे. मी वकील नाही, हा भाग एकदा वकिलाला दाखवून घ्या. बरेच जण वर्षभरासाठी १० टक्के रक्कम अडवून ठेवायला सांगतात. सप्लायर सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल तर ते अंगाशी येऊ शकतं. २००६ च्या एमएसएमई कायद्यात माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपलीकडे पैसे द्यायची मुदत ठरवताच येत नाही, आणि उशिराला रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. डिलिव्हरीपासून १५ दिवसांत लेखी तक्रार केली नाही तर माल डिलिव्हरीच्या दिवशीच स्वीकारला असं धरतात. त्यामुळे खोका उघडताच दिसलेला दोष फोनवर नाही, ईमेलवर.

माझं मत, पूर्ण पैसे द्या आणि १० टक्क्यांची बँक गॅरंटी घ्या, वॉरंटी संपल्यावर पुढे ६० दिवस चालणारी. वॉरंटी वाढली तरी गॅरंटी आपोआप वाढत नाही. तिची शेवटची तारीख जवळ आली आणि दोष तसाच असेल तर त्या तारखेच्या आत बँकेत लेखी मागणी द्या: मुदत वाढवा, नाहीतर रक्कम द्या. आणि त्या पत्राच्या प्रतीवर बँकेचा तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.