बारा वर्षं राहिला, म्हणून घर त्याचं?

प्रश्न : ताब्याला कॉर्पस आणि ॲनिमस दोन्ही लागतात असं सर शिकवतात. भाडेकरूला तर मालक व्हायचं नसतं. मग त्याच्याकडे ताबा आहे असं कसं म्हणायचं? (विधी शाखेची विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर)

सरांनी बरोबर शिकवलं आहे. ॲनिमस म्हणजे मालक व्हायचा इरादा, हे मात्र तुम्ही मनानं जोडलंत. वस्तूवरची प्रत्यक्ष हुकमत हा कॉर्पस: दाराला आपलं कुलूप, रानात आपली पेरणी. ती हुकमत आपल्यासाठी राखायची आणि इतरांना बाहेर ठेवायचं, हे मनात असणं म्हणजे ॲनिमस.

हा इरादा मालकासारखाच हवा, असा आग्रह जर्मन विधिज्ञ साविन्यी यांनी १८०३ च्या त्यांच्या ताब्यावरच्या ग्रंथात धरला होता. पण रोमन कायदा गहाण ठेवून घेणाऱ्याच्या ताब्यालाही संरक्षण देई, आणि त्याला तर मालक व्हायचं नसे. साविन्यींना त्यासाठी अपवाद काढावा लागला आणि त्यांचे टीकाकार, जर्मन विधिज्ञ येरिंग यांनी नेमकं तिथंच बोट ठेवलं. आपल्याकडे भाडेकरूचा ताबा हा ताबाच. ‘न विचारता आत यायचं नाही’ असं तो घरमालकालाही सांगू शकतो, आणि एवढा ॲनिमस पुरतो. घरमालकाचा ताबाही संपत नाही, तो भाडेकरूच्या मार्फत चालू राहतो. पाठ्यपुस्तकात याला मध्यस्थामार्फतचा ताबा म्हणतात.

एक गोष्ट आताच पक्की करून ठेवा. साध्या ताब्याला लागणारा इरादा वेगळा आणि दुसऱ्याची मालकी बुडवणाऱ्या प्रतिकूल ताब्याला लागणारा इरादा वेगळा. या दोहोंची सरमिसळ झाली की काय होतं, ते खाली संगमेश्वरच्या पत्रात दिसेल.

प्रश्न : सात-बारावर माझं नाव लागलं आहे. म्हणजे मी मालक झालो ना?

नाही. ती महसुलाची नोंद आहे. उलट सिद्ध होईपर्यंत ती खरी मानतात इतकंच. ज्या दस्तावरून फेरफार झाला तो दस्त काढा आणि वकिलाला दाखवा.

प्रश्न : संगमेश्वरजवळचं घर वडिलांनी २००९ मध्ये माझ्या चुलत भावाला ‘राहा आणि घर बघ’ म्हणून दिलं. भाडं नाही, कागद नाही. घरपट्टी तो भरतो, पावती वडिलांच्या नावे येते. २०१६ मध्ये त्यानं मागे न्हाणीघर बांधलं. वडील २०२१ मध्ये गेले. २०२३ मध्ये मी घर सोडायला सांगितलं तर म्हणाला, ‘बारा वर्षं होऊन गेली, आता घर माझं.’ गावात सगळे म्हणतात कायदा तसाच आहे. (डोंबिवली)

गावात सगळे म्हणतात, हाच माझ्या टपालातला सर्वांत जुना साक्षीदार. दर महिन्याला तो कुठल्या ना कुठल्या पत्रातून येतो आणि उलटतपासणीला कधीच उभा राहत नाही.

ही समजूत पूर्णपणे हवेतून आलेली नाही, म्हणूनच ती मरत नाही. १९०८ च्या जुन्या मुदत कायद्यात ताबा गेलेल्या मालकाला काही दाव्यांत मागच्या बारा वर्षांत आपला ताबा होता हे स्वतः सिद्ध करावं लागे. ते जमलं नाही तर खरेदीखत हातात असूनही तो हरे. १९६३ च्या कायद्यानं हे बदललं. आता मालकी हक्कावर ताबा मागणारा दावा अनुच्छेद ६५ खाली येतो. मालकानं आपली मालकी दाखवायची, आणि ‘माझा ताबा प्रतिकूल होता, तो अमुक तारखेपासून’ हे समोरच्यानं सिद्ध करायचं. बारा वर्षं मोजायची ती ताबा प्रतिकूल झाल्या दिवसापासून. तो घरात राहायला आला त्या दिवसाशी या मोजणीचा संबंध नाही.

आता तुमच्या तारखा लावून पाहू. २००९ मध्ये भाऊ घरात आला तो वडिलांच्या परवानगीनं. कॉर्पस त्याच्या हातात होता, पण इरादा वडिलांच्या वतीनं घर राखण्याचा. परवानगीनं सुरू झालेला ताबा नुसता जुना झाल्यानं प्रतिकूल होत नाही, मग तो पाच वर्षांचा असो की पन्नास. २०१६ चं न्हाणीघर? राहणारा माणूस सोयीसाठी न्हाणीघर बांधतो, त्यानं मालकाचा हक्क नाकारला जात नाही. घरपट्टीच्या पावत्या तर तुमच्याच बाजूनं बोलतात: ज्याला घर आपलं वाटतं तो वर्षानुवर्षं चुलत्यांच्या नावानं पावती फाडत नाही. २०२१ मध्ये वडील गेले तेव्हा हक्क वारसांकडे आला, भावाकडे नाही. मालकी नाकारणारं पहिलं वाक्य तुमच्या पत्राप्रमाणे २०२३ चं. तेच प्रतिकूल धरलं तर बारा वर्षं भरतील २०३५ मध्ये. तुमचा भाऊ २००९ पासूनची १४ वर्षं मोजतो, पण त्याचं घड्याळ सुरू झालं असेल तर ते तुम्हाला ‘घर माझं’ म्हणाला त्या दिवशी.

सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्ये कर्नाटक वक्फ मंडळाच्या प्रकरणात हेच सांगितलं आहे. प्रतिकूल ताबा बळानं, चोरून किंवा परवानगीनं ठेवलेला चालत नाही. तो उघड आणि अखंड हवा, मालकाचा हक्क स्पष्ट नाकारणारा हवा, आणि तो कोणत्या तारखेला सुरू झाला, मालकाला कधी कळला हे मांडावं लागतं. २०१२ मध्ये गोव्यातल्या बहीण-भावाच्या वादातही न्यायालयानं निकाल दिला की राखणदार, पहारेकरी किंवा नोकर कितीही वर्षं राहिला तरी त्या राहण्यातून त्याला मिळकतीत हक्क येत नाही. त्या प्रकरणात भाऊ खालच्या न्यायालयांत जिंकत आला होता, हे मात्र लक्षात ठेवा.

तरीही निर्धास्त होऊ नका. मला तुमच्या पत्रात न दिसलेल्या दोन गोष्टी आहेत. एक, मधल्या काळात भांडण झालं होतं का? समजा २०१० च्या गणपतीला वडील गावी गेले, भावानं कुलूप बदललेलं होतं, ‘हे घर माझं, पुन्हा यायचं नाही’ म्हणून त्यांना दारातून परत पाठवलं, आणि नंतर कुणीच काही केलं नाही. मग मोजणी २०१० पासून होईल, मुदत २०२२ मध्येच संपलेली असेल, आणि मुदत कायद्याच्या कलम २७ प्रमाणे दाव्याबरोबर मालकी हक्कही गेलेला असेल. घरातल्या थोरांना हे स्पष्ट विचारा. लाज वाटते म्हणून असली भांडणं पत्रात येत नाहीत, कोर्टात मात्र पहिल्याच तारखेला येतात.

दुसरं, घर वडिलांनी स्वतः घेतलेलं की आजोबांचं? आजोबांचं असेल तर चुलत भाऊ कदाचित सहहिस्सेदार निघेल. मग एका हिस्सेदाराचा ताबा सगळ्यांच्या वतीनं धरतात. तुम्हाला हिस्सा नाकारून उघडपणे बाहेर काढल्याचं दाखवल्याशिवाय त्याला बारा वर्षांचा फायदा मिळत नाही. पण मग तुम्हीही अख्खं घर मागू शकत नाही. दावा वाटपाचा होतो.

जुनी पत्रं, पैसे पाठवल्याच्या नोंदी, फोनवरचे संदेश, घरपट्टीच्या पावत्या, विजेची बिलं एकत्र करा. ‘काका, घराचं छप्पर गळतंय, काय करू?’ असा भावाचा एखादा संदेश सापडला तर तो जपून ठेवा; मालक छप्पर दुरुस्तीची परवानगी मागत नाही. मग दिवाणी वकिलाकडून परवानगी रद्द करणारी नोटीस पाठवा. २०३५ ला वेळ आहे म्हणून बसू नका, तोवर वडिलांच्या वेळचे साक्षीदार उरणार नाहीत. आणि भाऊ मुंबईला गेला असताना जाऊन कुलूप ठोकू नका; का, ते खाली सांगलीच्या पत्रात दिसेल.

प्रश्न : एजंट म्हणतो, खोलीचा ‘कायम कब्जा करार’ स्टॅम्प पेपरवर नोटरी करून देतो, रजिस्ट्रेशनचा खर्च वाचेल. चालेल का?

त्याचं कमिशन चालेल. शंभर रुपयांवरच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानंच होते. समोरच्यानं सही केली एवढंच नोटरी पाहतो. सही करणाऱ्याकडे विकायला काही होतं का, हे पाहणं त्याचं काम नाही. असल्या कागदानं फार तर विकणाऱ्याकडे होता तेवढा ताबा तुमच्याकडे येतो, आणि तो स्वतःच कुणाचा परवानाधारक असेल तर तोही डळमळीत. साठेखत करून ताबा घेतला तरी मालकी येत नाही. २००१ च्या दुरुस्तीनंतर त्या ताब्याला मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३-अ चं संरक्षण हवं असेल तर साठेखतही नोंदवावं लागतं.

याच एजंटांचा दुसरा माल म्हणजे ‘अकरा महिन्यांचाच करार करा, नाहीतर भाडेकरू बारा वर्षांनी मालक होतो’. भाडेकरूचा ताबा परवानगीचाच असतो, अकरा महिन्यांचा असो की अकरा वर्षांचा. आणि महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार कितीही मुदतीचा असला तरी लेखी आणि नोंदणीकृत लागतो, जबाबदारी घरमालकाची. पैसे देण्याआधी मिळकतीचा शोध अहवाल करून घ्या.

प्रश्न : माझ्या कपाटात मित्रानं ठेवलेल्या बॅगेत पिस्तूल निघालं. मला माहीतच नव्हतं. ताबा माझा धरतील?

वस्तू आहे याची जाणीवच नसेल तर शस्त्र कायद्याखालचा ताबा होत नाही, सर्वोच्च न्यायालयानं १९७२ मध्येच सांगितलं आहे. माहीत नव्हतं हे कोर्ट कशावरून ओळखेल, हा खरा प्रश्न आहे, आणि तो मला पत्रानं विचारू नका. फौजदारी वकील गाठा, आज.

प्रश्न : माझा गाळा होता, रीतसर भाड्यानं. साडेचार महिन्यांपूर्वी मालकानं रात्री कुलूप तोडून सामान बाहेर काढलं. पोलिस म्हणतात दिवाणी प्रकरण. मालकच तो, त्याच्याशी कोर्टात काय लढणार? बोलणी चालू आहेत. (सांगली)

बोलणी तो चालू ठेवणारच, त्याला आणखी दीड महिनाच काढायचा आहे.

विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली, कायदेशीर मार्ग सोडून ज्याचा ताबा काढून घेतला तो ताबा परत मागू शकतो, समोर खुद्द मालक असला तरी. मालकी कुणाची हा प्रश्न तिथं येतच नाही. ताबा तुमचा होता, तो संमतीशिवाय गेला आणि कायद्याच्या मार्गानं गेला नाही, एवढंच दाखवायचं. मालकाला गाळा हवा असेल तर त्यानं कोर्टाची वाट धरावी. निकालावर अपील नाही. पण मुदत ताबा गेल्या दिवसापासून सहा महिने, आणि ती बोलण्यांसाठी थांबत नाही. हाच प्रकार शेतजमिनीबाबत झाला असता तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदाराकडेही जाता आलं असतं. तिथंही सहाच महिने.

भाड्याच्या पावत्या, वीजबिल, दुकान परवाना, त्या रात्रीचे फोटो आणि पोलिसांत दिलेल्या अर्जाची पोच घेऊन या आठवड्यात वकिलाकडे जा. बोलणी दावा दाखल झाल्यावरही करता येतात.