एक बग, चार ब्रांच: तिकीट एक की चार?

प्रश्न: आमच्या प्रॉडक्टच्या तीन जुन्या व्हर्जन अजून सपोर्टमध्ये आहेत. एकच बग सगळीकडे फिक्स करायचा असेल तर जिरामध्ये एकच तिकीट ठेवून त्यात सगळे फिक्स व्हर्जन टाकावेत, की प्रत्येक व्हर्जनचं वेगळं तिकीट काढून लिंक करावं? लिंक कुठली वापरावी?

उत्तर:

वेगळं तिकीट. प्रत्येक ब्रांचला एक. या मुद्द्यावर मी आमच्या मॅनेजरांशी वर्षभर भांडले आहे, त्यामुळे उत्तर लांबणार.

एका तिकिटात चार फिक्स व्हर्जन भरता येतात, पण त्या तिकिटाला स्टेटस एकच असतं. मेन ब्रांचवर फिक्स गेला, टेस्टरने तिथे पाहिला, तिकीट बंद. उरलेल्या तीन व्हर्जनांचं काय झालं ते त्या तिकिटाला विचारून कळत नाही. त्या रकान्यात जे लिहिलंय ते 'इथे फिक्स द्यायचा विचार आहे' एवढंच असतं. आणि गंमत म्हणजे रिलीज नोट्स त्याच रकान्यावरून निघतात, म्हणजे विचार केला तेवढ्यावर ग्राहकाला 'दुरुस्त केलं' असं छापून जातं.

आमचं प्रॉडक्ट गोदामांसाठीचं, ग्राहकाच्या स्वतःच्या सर्व्हरवर बसणारं. मी टेस्टिंगमध्ये. तेव्हा मेनशिवाय 5.4, 5.1 आणि 4.8 अशा तीन ब्रांच सपोर्टमध्ये होत्या. 31 डिसेंबर 2023 ला, रविवारी, एका ग्राहकाच्या गेटपासवर नंबरात 2024 साल आलं. बहुतेक गोदामं त्या दिवशी बंद होती म्हणून तक्रार एकच आली. कारण जावावाल्यांना लगेच कळेल:

```java
new SimpleDateFormat("YYYY")   // हवं होतं "yyyy"
```

कॅपिटल `YYYY` म्हणजे आठवड्याचं साल. आपल्याकडच्या लोकेलमध्ये आठवडा रविवारी सुरू होतो आणि ज्या आठवड्यात 1 जानेवारी येते तो नव्या वर्षाचा पहिला आठवडा. म्हणून डिसेंबरचे शेवटचे काही दिवस पुढच्या सालात मोजले जातात. वर्षातले बाकीचे दिवस सगळं सुरळीत दिसतं, आणि हाच या बगचा खरा त्रास: जानेवारीत फिक्स केला तर तो जुन्या व्हर्जनमध्ये पोचला की नाही हे पुढच्या डिसेंबरपर्यंत आपोआप कुणालाच कळणार नाही.

मी तेव्हाच म्हणाले होते की चार ब्रांच आहेत, चार तिकिटं काढू. मॅनेजरांचं उत्तर: "क्लोन काढले की बग काउंट वाढतो. महिन्याच्या रिव्ह्यूत एकाचे चार दिसतात." झालं. एकच तिकीट राहिलं, त्यात चार फिक्स व्हर्जन. माझ्याकडे ते तपासायला आलं तेव्हा वर बिल्ड लिहिलेला होता फक्त मेनचा. मी मेन तपासून पास केलं, कॉमेंटमध्ये 'फक्त मेनवर तपासलं' असं लिहिलं, आणि वर्कफ्लोप्रमाणे तिकीट बंद झालं.

मागे काय झालं ते आम्हाला पुढच्या वर्षी कळलं. 5.4 वर चेरी-पिक सरळ बसलं, तिथे अडचण नव्हती. 5.1 वरही सरळ बसलं, एकही कॉन्फ्लिक्ट नाही, आणि बग तरीही जिवंत राहिला. मेनमध्ये तारखेचा सगळा कोड एका युटिलिटी क्लासमध्ये आणलेला होता, 5.1 मध्ये ते काम व्हायचं होतं, त्यामुळे तीच ओळ पीडीएफ छापणाऱ्या क्लासमध्येही चिकटवलेली होती. फिक्सने युटिलिटीतली ओळ बदलली, पीडीएफमधली तशीच राहिली. 4.8 मध्ये तर फाइलचं नावच वेगळं होतं. तिथे कॉन्फ्लिक्ट आला, डेव्हलपरने 'नंतर बघतो' म्हणून बाजूला ठेवलं आणि त्याच आठवड्यात त्याला दुसऱ्या प्रोजेक्टवर हलवलं. तिकीट बंदच होतं, मग त्याची आठवण कुणाला आणि कशी होणार? 4.8 च्या पुढच्या पॅचच्या रिलीज नोट्समध्ये मात्र 'दुरुस्त केलं' ही ओळ छापून गेली.

2024 साली 29 डिसेंबरला रविवार होता. म्हणजे या खेपेला एक नाही, तीन दिवस, आणि त्यातले सोमवार-मंगळवार कामाचे. 4.8 वाल्यांच्या सगळ्या गेटपासांवर 2025. 5.1 वाल्यांकडे त्याहून विचित्र प्रकार: स्क्रीनवर 2024, छापलेल्या कागदावर 2025. फाटकावरचा माणूस कागद बघतो, आतला क्लार्क स्क्रीन, दोन्ही नंबर जुळेनात, आणि गाड्या उभ्या. एका ग्राहकाने आमच्याच रिलीज नोट्सचं पान मेलला जोडून पाठवलं. वर मीटिंगमध्ये आमचे मॅनेजर म्हणाले, "हे टेस्टिंगने पकडायला हवं होतं." कुठल्या तिकिटावर पकडायचं होतं, तेवढं सांगा, असं मी विचारलं. उत्तर आलं नाही.

त्यानंतर जी पद्धत बसवली ती सांगते. ती मी शोधलेली नाही. ओपनजेडीकेवाले त्यांच्या जिरामध्ये बॅकपोर्ट हा वेगळा इश्यू टाइपच ठेवतात: मूळ बगचं तिकीट मेनलाइनचं, आणि प्रत्येक जुन्या रिलीजसाठी त्याला जोडलेलं एकेक बॅकपोर्ट तिकीट. आम्हीही तसंच केलं. मूळ तिकीट म्हणजे मेन ब्रांच, बाकी काही नाही. प्रत्येक बॅकपोर्ट तिकिटात फिक्स व्हर्जन एकच, बिल्ड नंबर एकच, तपासणारा एकच. लिंकचा प्रकार ॲडमिनकडून नवा बनवून घ्या. जिराची नेहमीची क्लोनची लिंक वापरू नका. लोक नव्या ग्राहकासाठी, नव्या स्प्रिंटसाठी, कशासाठीही क्लोन काढतात, आणि मग लिंक बघून काही अर्थ लागत नाही.

सपोर्टमधल्या सगळ्या ब्रांचची तिकिटं पहिल्याच दिवशी निघतात, बग तिथे आहे की नाही हे ठरायच्या आधी. हे डेव्हलपर लोकांना आवडत नाही, पण मी यावर हटत नाही. बग एखाद्या ब्रांचमध्ये नसेल तर तिकीट 'इथे लागू नाही' म्हणून बंद करा आणि एका ओळीत कारण लिहा. तिकीटच नसेल तर कुणी पाहून नाही म्हटलं की पाहिलंच नाही, हे सहा महिन्यांनी सांगता येत नाही. लागू आहे की नाही हे ठरवायला बग कुठल्या कमिटमध्ये शिरला ते शोधावं लागतं. लिनक्स कर्नलमध्ये त्यासाठी कमिट मेसेजमध्ये `Fixes:` अशी ओळ असते आणि तीत बग आणणारी कमिट लिहितात. ती सवय उचलण्यासारखी आहे.

चेरी-पिक सरळ बसलं म्हणजे फिक्स झाला, असं धरू नका. जुन्या ब्रांचमध्ये चुकीचा पॅटर्न स्वतंत्र शोधा:

```
git grep -n 'YYYY' origin/release/5.1 -- '*.java'
```

जानेवारी 2024 मध्ये कुणी ही एक ओळ चालवली असती तर पीडीएफवाली जागा दिसली असती. आणि तपासताना प्रत्येक ब्रांचच्या बिल्डवर मूळ बग आधी घडवून दाखवा, मग फिक्स लावून तो गेला हे दाखवा. आमच्या बाबतीत म्हणजे टेस्ट सर्व्हरची तारीख 30 डिसेंबर 2024 करायची आणि गेटपास छापायचाही. नुसता स्क्रीनवर बघून चालणार नाही.

रिलीजच्या आधी तिकिटं एकीकडे आणि गिट दुसरीकडे, दोन्ही ताडून बघते. इथे एक फसगत होते. फिक्सची कमिट कुठल्या टॅगमध्ये आहे हे `git tag --contains` ने शोधायला गेलात तर जुन्या ब्रांच दिसणारच नाहीत, कारण चेरी-पिक केलं की कमिटचा हॅश बदलतो. म्हणून मूळ तिकिटाचा नंबर प्रत्येक बॅकपोर्टच्या कमिट मेसेजमध्ये हवा, आणि त्यावर शोधायचं:

```
git log --oneline v4.8.11..v4.8.12 --grep='WH-2317'
```

काहीच आलं नाही आणि तिकीट मात्र बंद, तर रिलीज थांबवा. एक ओळ आली तरी ती वाचा, कारण फिक्स परत मागे घेतलेल्या रिव्हर्ट कमिटमध्येही तोच नंबर असतो. ब्रांचवर चेरी-पिक करताना `-x` द्या, म्हणजे मूळ कमिटचा हॅश मेसेजमध्ये येतो आणि दोन्ही शेजारी ठेवून बघता येतात.

क्रम नवीन ते जुनं असाच ठेवा. सगळ्यात जास्त ओरडणारा ग्राहक बहुतेक सगळ्यात जुन्या व्हर्जनवर असतो, म्हणून आधी त्याला पॅच द्यायचा मोह होतो. आम्ही जानेवारी 2025 मध्ये तेच केलं: 4.8 चा पॅच आधी गेला, 5.1 चा नंतर. मधल्या दिवसांत कुणी 4.8 वरून 5.1 ला अपग्रेड केलं असतं तर पैसे मोजून नवं व्हर्जन घेतलं आणि बग परत आला, असं झालं असतं. कर्नलच्या स्टेबल शाखांचा नियमही हाच आहे, फिक्स आधी मेनलाइनमध्ये असल्याशिवाय जुन्यात घेत नाहीत. अगदीच घाई असेल तर जुना पॅच द्या, पण वरच्या व्हर्जनचं तिकीट ब्लॉकर करून ठेवा.

आता थोडं उलट बाजूने. तुमचं प्रॉडक्ट क्लाउडवर असेल आणि एकच व्हर्जन चालत असेल तर यातलं काही करू नका, उगाच कागद वाढतील. बटणाच्या रंगासाठी चार तिकिटं काढायचीही गरज नाही; जुन्या ब्रांचवर काय न्यायचं याची पातळी ठरवा, आमच्याकडे डेटा चुकणं, सिक्युरिटी आणि काम अडणं एवढंच जातं. सब-टास्कवाली पद्धतही काही टीम वापरतात. मला ती आवडत नाही, कारण 4.8 चा पॅच तीन महिन्यांनी निघणार असेल तर मूळ तिकीट तोवर लटकून राहतं किंवा कुणीतरी कंटाळून सगळंच बंद करतं. आणि व्हर्जन सपोर्टबाहेर गेलं की त्याची उघडी तिकिटं 'सपोर्ट संपला' म्हणून बंद करा, डिलीट करू नका.

राहिला बग काउंट. बॅकपोर्ट हा वेगळा इश्यू टाइप आहे, म्हणून रिव्ह्यूच्या डॅशबोर्डवर ही क्वेरी टाकली की एकाचा एकच दिसतो:

```
project = WH AND issuetype = Bug
```

मॅनेजरांना मी ही जानेवारी 2024 मध्ये मेलवर पाठवली होती. मेल अजून आहे.